केवायसीचा अर्ज : आधी खूण, मग झेरॉक्स

मंडळी, बँकेत केवायसी अद्ययावत करायला निघालेला आपल्याकडचा माणूस आधी झेरॉक्सच्या दुकानात जातो. माझं मत असं, की त्याने आधी अर्जातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं : पूर्वी दिलेल्या माहितीत काही बदल झाला आहे का?

काहीच बदल नसेल आणि बँकेकडची जुनी कागदपत्रं आजच्या नियमात बसत असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तसं स्वयंघोषणापत्र पुरतं. फक्त पत्ता बदलला असेल, तरी नव्या पत्त्याची घोषणा चालते; तो पत्ता बँक दोन महिन्यांत पडताळून घेते. मात्र बँक आपल्या धोरणानुसार पुरावाही मागू शकते.

आमच्या वहिनींचाच अर्ज बघा. दादा गेल्यावर त्या गंगाखेडहून परभणीला मुलाकडे राहायला आल्या. कुटुंब निवृत्तिवेतन याच खात्यात जमा होतं. अर्जावर परभणीचा पत्ता, आधारवर गंगाखेडचा. सोबत जोडलेलं वीजबिल तीन महिन्यांपूर्वीचं, तेही मुलाच्या नावाचं. वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, आणि ताजं आणलं तरी त्यावर वहिनींचं नाव येणार नाही. शिवाय स्वतःच्या नावाचं बिलसुद्धा तात्पुरताच आधार. त्यानंतर तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं अधिकृत ओळखपत्र द्यावं लागतं. रेशनकार्ड त्या ओळखपत्रांत मोडत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. पासबुकात नावापुढे 'बाई' आहे, आधार आणि पॅनवर नाही. आपल्याला हा फरक किरकोळ वाटतो, पण कागद जुळवून पाहणाऱ्याला ती दोन नावं दिसतात. म्हणून तो 'बदल नाही' या खुणेखाली झाकू नये. शाखेला दाखवून नोंद दुरुस्त करून मागावी.

आणि इतके कागद जोडूनही 'बदल आहे' किंवा 'बदल नाही' यांपैकी एकाही चौकोनात खूण नव्हती. घोषणेखाली सहीसुद्धा नव्हती! नुसते कागद म्हणजे घोषणा नव्हे.

मग वहिनींनी पत्ताबदलाच्या चौकोनात खूण केली, घोषणेवर सही केली आणि नावाच्या दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज लिहिला. आधारवरचा पत्ता बदलण्यासाठी 'कुटुंबप्रमुख' पद्धत आहे. त्यात मुलाच्या आधारवरचा पत्ता, नात्याचा पुरावा आणि मुलाची संमती यांवर आईचा पत्ता बदलता येतो; बिल आईच्या नावाचं असावं लागत नाही. ते कामही त्यांनी सुरू केलं.

सगळा दोष ग्राहकाला देणं मात्र मला पटत नाही. बदलाचा प्रश्न अर्जाच्या अगदी वरती, मराठीत, ठळक छापावा आणि प्रत्येक उत्तरासमोर लागणारा कागद लिहावा. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या बाईला एका रिकाम्या चौकोनापायी दुसरा हेलपाटा पडू नये, एवढी काळजी बँकेनेही घ्यायला हवी. तुम्हाला काय वाटतं?