कोपरा फाडलेले कार्ड

पूर्वी टपालाने वाईट बातमी यायची, तेव्हा पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. पोस्टमन दारात असतानाच आजीला कळायचे की, हे कार्ड खाली बसून वाचायचे आहे. मजकूर कसा का असेना, त्या फाटक्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याचा समजूतदारपणा असे. शुभकार्याच्या पत्रिकेला हळदकुंकवाची बोटे लागत, अशुभाच्या कार्डाचा कोपरा जाई, आणि दोहोंची गल्लत अडाण्यातला अडाणी माणूसही करीत नसे.

ती गल्लत करण्याचा मान शिकल्यासवरलेल्या मोठ्या कंपन्यांनी मिळवला आहे. १७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल विभागाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी आपल्या माणसांना एक लांबलचक पत्र पाठवले. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. पत्राची सुरुवात होती ‘हॅलो देअर’ अशी, म्हणजे आपल्याकडे गॅलरीतून ‘काय, कसं काय?’ म्हणावे तशी. पुढे कंपनीचे धोरण, कोणते फोन कोणासाठी, कोणत्या गावी काय चालेल, असा परिच्छेदांवर परिच्छेद मजकूर. हे सारे ओलांडून वाचक पार खाली उतरला म्हणजे त्याला कळे की, वर्षभरात सुमारे १२,५०० जणांच्या नोकऱ्या जाणार आहेत. हंगेरीतल्या कोमारोमच्या कारखान्यातून ‘टप्प्याटप्प्याने बाहेर पडणार’, असे त्यात होते. बाहेर कंपनी पडणार होती. घरी मात्र कामगार जाणार होते. गंमत अशी की, त्याच दिवशी कंपनीचे मुख्य अधिकारी सत्या नडेला यांनीही पत्र लिहिले, आणि एकूण १८,००० पर्यंत जागा कमी होतील हा आकडा त्यांनी पुष्कळ वर, सरळ शब्दांत दिला. कंपनी तीच, दिवस तोच. पण जगभर टवाळी झाली ती एलॉपसाहेबांच्या पत्राची.

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण आता प्रत्येक बिऱ्हाडातून एखादा मुलगा, सून किंवा जावई खाजगी नोकरीत आहे. शिवाय गेल्या वर्षी दिवाळी दोन आठवड्यांवर असताना असले एक पत्र आमच्याच जिन्यावरून वर आले.

शेजारची सून भोसरीच्या एका कारखान्यात कर्मचारी विभागात आहे. कारखाना मध्यम, दोनशेदहा माणसांचा. मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतले, म्हणून तिथले रंगखाते बंद होणार होते आणि त्यातल्या एकतीस जणांची नोकरी जाणार होती. ती संध्याकाळी कागद घेऊन आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही तीस वर्षं कचेरीत पत्रं लिहिलीत. हे उद्यापरवा फलकावर लागायचंय. माझ्याच्यानं सही होत नाही यावर.”

कागदावर विषय होता : ‘नव्या पर्वाची आनंददायी सुरुवात!’ पुढे ‘प्रिय परिवारजनहो’. मग ‘परिवर्तन हाच प्रगतीचा प्राण’, मग कंपनी चपळ आणि सुटसुटीत होत असल्याची बातमी. चौथ्या परिच्छेदात : ‘या रचनेत आपल्या काही सहकाऱ्यांना नव्या क्षितिजांकडे झेप घेण्यासाठी मुक्त करण्यात येत आहे!’ शेवटी शनिवारच्या अल्पोपाहाराचे आमंत्रण. मी उद्गारचिन्हे मोजली; सात होती.

आम्ही जेवणे आटोपून बसलो. पहिला प्रश्न मी विचारला तो भाषेचा नव्हे. हे पत्र कोण वाचणार? ती म्हणाली, सगळे. मी म्हटले, तिथेच घोटाळा आहे. ज्याची नोकरी जाणार आणि ज्याची राहणार, अशा दोघांना एकच कागद पुरत नाही. फलकासमोर दोनशेदहा माणसे ‘काही सहकारी’ हे शब्द वाचतील, आणि त्यातला प्रत्येक जण मनात विचारील, ‘मी का?’ म्हणून असे ठरले की, त्या एकतीस जणांना त्यांच्या खातेप्रमुखाने सकाळी एकेकट्याने बोलावून सांगायचे, प्रत्येकाच्या हातात त्याचे वेगळे पत्र आणि त्याचा हिशेब द्यायचा, आणि त्यानंतरच, पण त्याच दिवशी, फलकावरचे पत्र लावायचे. दुसऱ्या दिवसावर टाकले तर रात्रीत अफवा एकतीसचे शंभर करतात.

मग शब्दांकडे वळलो. मराठी कचेरीच्या भाषेत एक सोयीची खोड आहे. ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते की’. कोण करतो, कोण कळवतो, याचा पत्ता नाही. जणू नोकऱ्या पावसात वाहून गेल्या! त्या जागी ‘आम्ही ठरवले आहे’ असे घातले की लिहिणाऱ्याला जरा टोचते. टोचलेच पाहिजे; निर्णय त्याचाच आहे. ‘परिवार’ आम्ही काढला, कारण परिवारातून माणसाला महिन्याची नोटीस देऊन काढता येत नाही. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ हेही काढले. ते गाडी उशिरा आली तर ठीक. साहेबांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवले होते की, हा निर्णय घेताना मला किती रात्री झोप आली नाही. तेही गेले. ज्याची नोकरी जाते, त्याने साहेबांच्या झोपेची चौकशी करावी ही अपेक्षा बरी नव्हे.

‘ले-ऑफ’ हा शब्दही सुनेने घातला होता, वर्तमानपत्रे वापरतात म्हणून. पण आपल्या १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरते काम नसणे. माणूस हजेरीपटावर राहतो आणि काम आले की परत येतो. कायमचे काढणे ही निराळी गोष्ट, तिला छाटणी म्हणतात. भोसरीतल्या जुन्या कामगाराला हा फरक पाठ असतो. ‘ले-ऑफ’ वाचून एखादा घरी सांगेल, ‘दोन महिन्यांनी बोलावतील’, आणि वाट पाहत बसेल. ‘नोकरी संपत आहे’ हे शब्द कठोर आहेत, पण ते कोणाला खोट्या आशेवर ठेवीत नाहीत.

पैशाचा भाग मूळ पत्रात ‘यथोचित लाभ’ या दोन शब्दांत उरकला होता. आम्ही सर्वांत जास्त वेळ इथे बसलो. ज्या कामगाराची सेवा वर्षाहून अधिक झाली आहे, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, ही त्या कायद्याची छाटणी-भरपाई. २०२० च्या नव्या संहितेनेही ती कायम ठेवली आहे. ग्रॅच्युइटी वेगळी. तिचा हिशेब महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागून होतो. हिशेबाचा पगार २६,००० असेल तर दिवसाचे हजार, पंधरा दिवसांचे पंधरा हजार, आणि नऊ वर्षे सेवा झाली असेल तर १,३५,०००. ही रक्कम प्रत्येकाच्या पत्रात आकड्यांत असावी, असा मी आग्रह धरला. कारण घरी गेल्यावर बायको जो पहिला प्रश्न विचारते, त्याचे उत्तर त्या माणसाच्या खिशात असले पाहिजे.

एका गोष्टीवरून वाद झाला. साहेबांचे म्हणणे होते की, दिवाळी होऊन जाऊ द्या, सणात कशाला विघ्न? ऐकायला दयाळू वाटते. पण सून म्हणाली, रंगखात्यातल्या एकाने पाडव्याला घ्यायची म्हणून मोटारसायकल बुक केली आहे, हप्त्यांवर. दिवाळीत माणूस पगाराच्या भरवशावर कर्ज काढतो, आणि त्याला ते काढू देऊन नंतर पत्र देणे हा सौजन्याचा प्रकार नव्हे. पत्र आधी जायचे ठरले, आणि बोनसची तारीख त्यात घालायची.

आणखी एक मोह टाळला. ‘यापुढे एकाचीही नोकरी जाणार नाही’ असे लिहिले की बाकीच्यांना धीर येतो. पण ते कोणाच्या हाती असते? मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आतच, आणखी ७,८०० पर्यंत जागा कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यातल्या बहुतेक त्या फोनच्याच धंद्यातल्या होत्या. म्हणून जेवढे ठाऊक, तेवढेच लिहिले.

रात्री साडेअकराला जे पत्र तयार झाले, ते असे :

‘विषय : रंगखाते बंद होणे व ३१ नोकऱ्या संपणे.

सहकाऱ्यांनो, आम्ही रंगखाते १५ नोव्हेंबरपासून बंद करण्याचे ठरवले आहे. त्यामुळे त्या खात्यातील ३१ जणांची नोकरी त्या दिवशी संपेल. या सर्वांना आज सकाळी समक्ष सांगितले आहे. ज्यांना सांगितलेले नाही, त्यांची नोकरी या निर्णयाने जात नाही.

ज्या गिऱ्हाइकासाठी हे खाते मुख्यतः चालत होते, त्यांनी काम काढून घेतले. पर्यायी काम आम्ही शोधले, ते मिळाले नाही. या ३१ जणांच्या कामात काही उणीव होती म्हणून हे घडलेले नाही, आणि तसे त्यांच्या दाखल्यावर लिहून दिले जाईल.

१५ नोव्हेंबरपर्यंतचा पगार, भरपाई व ग्रॅच्युइटी शेवटच्या दिवशी खात्यात जमा होईल. प्रत्येकाचा हिशेब त्याच्या पत्रासोबत आहे. चूक वाटल्यास दाखवावी, ती तपासली जाईल. दिवाळीचा बोनस ठरल्या दिवशी सर्वांना मिळेल. गटविमा ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहील. पुढे भरती झाल्यास या सहकाऱ्यांना प्रथम विचारले जाईल.

३१ मार्चपर्यंत दुसरे कोणतेही खाते बंद करण्याचा विचार नाही. त्यापुढचे आज सांगता येत नाही.

या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. प्रश्न असतील त्यांच्यासाठी मी आज व उद्या दिवसभर माझ्या खोलीत आहे.’

खाली साहेबांचे नाव आणि सही. ‘व्यवस्थापन’ असा मोघम शिक्का नाही.

साहेबांनी दोन जागी हरकत घेतली. ‘दाखल्यावर लिहून दिले जाईल’ हे त्यांना जड वाटले, पण ते राहिले. ‘आज व उद्या दिवसभर’ ऐवजी त्यांनी ‘दुपारी तीन ते पाच’ केले. सून म्हणाली, पहिल्या दिवशी पाचपर्यंत सोळा जण येऊन गेले. कोणी आरडाओरडा केला नाही. बहुतेकांनी विमा आणि दाखला यांविषयी विचारले, दोघांच्या हिशेबात सेवेची वर्षे एकेक कमी धरली होती, ती दुरुस्त झाली. एक जण काही न विचारता पाच मिनिटे बसून गेला.

मोटारसायकलवाल्याने त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन बुकिंग रद्द केले. पाचशे रुपये कापून बाकीचे परत मिळाले.