नळ मालकाचा, तहान भाडेकरूची

ग्रामपंचायतीने रहिवासी दाखला देण्याची पद्धत राज्य सरकारने 2018 साली कागदावर मोडीत काढली. त्याआधी 9 मार्च 2015 रोजी सामान्य प्रशासन विभागाने शपथपत्रांच्या जागी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणले होते. त्याच धाग्याने ग्रामविकास विभागाने ठरवले की, मी अमुक गावात राहतो हे सांगायला सरपंचाच्या शिक्क्याची गरज नाही, अर्जदाराने स्वतः लिहून द्यावे. खोटे लिहिले तर गुन्हा त्याच्यावर. निर्णय चांगला होता. पण चाकण पट्ट्यातल्या खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी यांपैकी कुठल्याही ग्रामपंचायतीच्या दारात सोमवारी सकाळी उभे राहावे. रांगेत सर्वाधिक मागणी याच रद्द झालेल्या दाखल्याची असते.

ती असण्याचे कारण रांगेतल्या माणसांत नाही. कंत्राटदार कामावर घेताना तो मागतो, बँक खाते उघडताना मागते, शाळा प्रवेशाला मागते. सरकारने ग्रामपंचायतीला सांगितले, देऊ नका. बाकीच्यांना मात्र, मागू नका, हे कुणी ठणकावून सांगितले नाही. त्यातून एक विचित्र पोकळी तयार झाली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित सेवेला मुदत असते, अर्जाची पोच द्यावी लागते, नाकारल्यास लेखी कारण द्यावे लागते, अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. रहिवासी दाखला त्या यादीतून बाहेर पडला तसे हे सगळे संरक्षणही गेले. म्हणजे दाखला मिळाला तर मेहेरबानी, नाही मिळाला तर दाद मागायला जागा नाही. रद्द झालेली गोष्ट चालू गोष्टीपेक्षा जास्त त्रास देते, असा हा प्रकार आहे.

एरवी हा दाखला एखाद्या खात्यापुरता, एखाद्या प्रवेशापुरता अडतो. नळजोडणीच्या अर्जाला तो जोडायची वेळ येते तेव्हा रोजच्या पाण्याचाच प्रश्न होतो. चाकण पट्ट्यात नळजोडणीचा अर्ज साधारण असा चालतो. अर्ज, आधारची प्रत, घराचा नमुना 8 चा उतारा, चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती आणि ग्रामपंचायतीची येणे बाकी नसल्याचा दाखला असे कागद आवक बारनिशीत नोंदवले जातात. पुढे अर्ज मासिक सभेसमोर जातो, ठराव होतो, अनामत भरून घेतली जाते आणि पाणीपुरवठा कर्मचारी मुख्य वाहिनीवरून बहुधा अर्ध्या इंचाची जोडणी देतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्या गावकऱ्याला यात फार तर एखादी खेप जास्त पडते. अडतो तो भाडेकरू. त्याच्याकडे या कागदांच्या जोडीला रहिवासी दाखलाही मागितला जातो. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तिच्यात घर मालकाच्या नावावर, पावती मालकाची, थकबाकीही मालकाची. भाडेकरूकडे असते ती खोलीची किल्ली आणि मालकाशी तोंडी झालेला व्यवहार.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, महाळुंगे परिसरात दोन गुंठ्यांवर तळमजला अधिक एक अशा दहा खोल्या आहेत. नोंदवहीत ते एक घर, एक मिळकत क्रमांक, एक मालक. नळजोडणीही एकच. खोल्यांमध्ये दहा कुटुंबे, प्रत्येकी चार माणसे धरली तर चाळीस. ऑगस्ट 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर आहे. त्या हिशेबाने या एका इमारतीला रोज 2200 लिटर पाणी लागते. अर्ध्या इंचाच्या नळाला दाब चांगला असला तर मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी येते. पाणी तासभर सुटले तर हाती लागते 600 ते 700 लिटर. उरलेले दीड हजार लिटर कुठून आणायचे? बोअरमधून, टँकरमधून, नाहीतर नळाला थेट मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्यातून. पाणी कमी का पडते, याचे उत्तर शोधायला अभियंता बोलवायची गरज नाही. नमुना 8 ची नोंद आणि इमारतीच्या दारांची संख्या शेजारी ठेवली की पुरे.

आता या दहांपैकी एका कुटुंबाने स्वतंत्र जोडणीचा अर्ज केला तर त्याला तीन प्रश्न विचारले जातात. तू इथे राहतोस का? घर कोणाचे? बांधकाम परवानगीचे आहे का? पहिल्याचे उत्तर भाडेकरू देऊ शकतो. दुसऱ्याचे फक्त मालक. तिसऱ्याचे बहुतेक वेळा कुणीच देत नाही. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून खोल्या उठल्या आहेत आणि बांधकाम परवानगीचा विषय आता मार्च 2015 मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे आहे. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते वेगवेगळे आहेत. एकाच दाखल्यात ते कोंबले की सर्वांत अवघड प्रश्नावर अर्ज अडकतो आणि सर्वांत सोप्या प्रश्नाचे उत्तर असलेला माणूस पाण्यावाचून राहतो. त्यात मालकाची तीन वर्षांची घरपट्टी थकलेली असली तर येणे बाकी नसल्याचा दाखला मिळतच नाही. कर थकवायचा मालकाने आणि बादल्या वाहायच्या भाडेकरूच्या बायकोने.

थकबाकी वसुलीसाठी ग्रामपंचायत अधिनियमात कलम 129 आहे. बिल, मागणीची नोटीस, जप्ती असा तो क्रम. गावात जप्ती करणे सरपंचाला जड जाते. निवडणूक त्याच गावात लढवायची असते. मग दाखला अडवणे हा स्वस्त मार्ग उरतो. त्याने वसुली होतेही, हे मान्य करायला हवे. पण ती होते गरजूकडून, थकवणाऱ्याकडून नाही.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे. रहिवासाचा म्हणून दिलेला कागद पुढे कुठे वापरला जाईल यावर त्याचा ताबा नसतो. पाण्यासाठी दिलेले पत्र आधारचा पत्ता बदलायला जाते, तिथून मतदारयादीत, शिधापत्रिकेवर. उद्या तक्रार झाली तर सही त्याची असते. शिवाय त्याच्या योजनेत पाणीच तेवढे नाही. पाणीयोजनेचा हिशेब आणि वित्त आयोगाचा निधी दोन्ही 2011 च्या जनगणनेला टेकलेले आहेत. त्यानंतर या पट्ट्यात किती खोल्या उठल्या, हे प्रत्येक गावकऱ्याला दिसते, कागदाला दिसत नाही. आणि खेड तालुक्यातल्याच भामा आसखेड धरणाचे पाणी पुणे महापालिकेकडे जाते, पिंपरी-चिंचवडसाठीही मंजूर आहे.

तरीही या भीतीवर उत्तर आहे आणि ते आपल्याच राज्यात निघाले आहे. डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही; पाणी हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच वेळी न्यायालयाने हेही म्हटले की, अशांना कायदेशीर घरांइतकेच किंवा त्याच दराने पाणी द्यावे असे नाही. सार्वजनिक नळावरून, जास्त दराने देता येईल. पाणी दिल्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही. मुंबई महापालिकेला धोरण आणायला 2022 उजाडले, पण तत्त्व निश्चित झाले. घराचा वाद आणि पाण्याचा अर्ज यांची गाठ सोडवायची.

महाळुंगे किंवा खराबवाडीने हे करायला मंत्रालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरूचे स्वयंघोषणापत्र घ्यावे. खातरजमा करायची असेल तर गावातच दोन याद्या तयार असतात. अंगणवाडी सेविकेच्या आणि आशाताईंच्या सर्वेक्षणात प्रत्येक खोलीतले मूल आणि गरोदर बाई नोंदलेली असते. पोलिओच्या डोसानंतर दारावर खडूची खूण होते. ज्या शासनाला लसीसाठी तो दरवाजा सापडतो त्याला पाण्यासाठी तो अनोळखी कसा? मालक संमती देत नसेल तर जोडणी मिळकतीलाच ठेवावी, पण तिची पाणीपट्टी आणि नळाचा आकार खोल्यांच्या संख्येवर ठरवावा, मीटर बसवावे. नमुना 8 मध्ये मालकाशेजारी भोगवटादाराचा रकाना आहे. तो सध्या मालकाचेच नाव पुन्हा लिहून भरला जातो. तिथे राहणाऱ्यांची नोंद सुरू केली तर मालकालाही कळेल की दहा खोल्यांचे भाडे घेऊन एका घराची पट्टी भरण्याचे दिवस संपले. या सूचनेला सर्वांत मोठा विरोध तिथूनच होईल, आणि मासिक सभेत बसणाऱ्यांपैकी काहींच्या स्वतःच्या खोल्या असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून हा ठराव मासिक सभेत न करता ग्रामसभेत व्हावा.

आज अर्ज करणाऱ्याने मात्र एक करावे. तोंडी विचारून परत फिरू नये. येणे बाकी नसल्याचा दाखला आणि नमुना 8 चा उतारा या दोन सेवा आजही लोकसेवा हक्काच्या यादीत आहेत. त्यासाठी मालकाला अर्ज करायला लावावा, पोच घ्यावी. मुदत किती आणि अपील कुणाकडे, हे कार्यालयातल्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदत उलटली तर तीस दिवसांत पहिले अपील. ते पंचायत समितीच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे राजगुरुनगरला करायचे. रहिवासाबाबत स्वयंघोषणापत्र जोडून नळजोडणीचा अर्ज वेगळा द्यावा आणि नाकारलाच तर कारण लेखी मागावे. चाकण शहरात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायत शोधू नये. तिथे 2015 पासून नगर परिषद आहे, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा. आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे अधिवास प्रमाणपत्र तहसीलदाराकडून मिळते. नळासाठी ते कुणी मागत असेल तर तो चुकीचा कागद मागतो आहे.

चाकण आणि भोवतालच्या गावांची मिळून महापालिका करण्याची चर्चा 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. झाली तर अर्जावरचे कार्यालय बदलेल. 1997 मध्ये जी अठरा गावे पिंपरी-चिंचवडमध्ये गेली त्यांच्याही ग्रामपंचायती अशाच संपल्या होत्या. पण ज्या मिळकत नोंदीवर उद्याची महापालिका पाणीपट्टीचे बिल काढील ती आजचीच नोंद असेल, दहा खोल्यांना एक घर म्हणणारी. ती दुरुस्त करायचे काम आत्ता, ग्रामपंचायत आहे तोवर सोपे आहे. त्याला लागतो एक कर्मचारी, एक रजिस्टर आणि खोल्यांची दारे मोजण्याची तयारी.