रिकामा कप्पा की पुसलेला?

ओपन ॲड्रेसिंगचे हॅश टेबल शिकवताना सगळा भर नोंद घालण्यावर आणि शोधण्यावर असतो. काढण्याची वेळ आली की ‘कप्पा रिकामा करा’ म्हणून बरेच जण मोकळे होतात. छोट्या चाचणीत ते खपूनही जाते.

० ते ९ असे दहा कप्पे घ्या. ग्राहक क्रमांकाला १० ने भागून उरेल तो कप्पा. तो भरलेला असेल तर त्याच्या पुढचा. १५, २५, ३५ हे ग्राहक क्रमाने आले की ५, ६, ७ या कप्प्यांत बसतात. आता २५ काढला आणि सहावा कप्पा रिकामा केला. ३५ शोधायला गेलो, तर पाचव्यात १५, सहावा रिकामा. शोध तिथेच थांबतो आणि उत्तर येते, ‘नाही’. ३५ मात्र सातव्यात सुखरूप आहे.

खरा घोळ पुढे. प्रोग्रॅम ३५ ला नवा समजून सहाव्यात घालतो, नव्या फोन नंबरसह. काही काळाने तो ग्राहक काढला जातो, सहावा पुन्हा रिकामा. मग ४५ येऊन सहाव्यात बसतो आणि शोधाची साखळी जुळते. ३५ विचारा, सातव्यातून जुना नंबर हजर! मधेच टेबल मोठे झाले असते, तर नोंदी नव्याने मांडल्या जाऊन चूक भलत्याच रूपात दिसली असती. ती पकडायची तर कप्पे ओळीने वाचावेत आणि सापडलेला प्रत्येक क्रमांक नेहमीच्या मार्गाने शोधून पाहावा. वाचताना दिसतो पण शोधताना मिळत नाही, असा एक जरी निघाला तरी निदान पक्के.

उपाय म्हणजे टूमस्टोन: ‘इथे कुणी होते’ अशी खूण. शोध तिच्यावरून पुढे जातो. नवी नोंद त्या जागी बसू शकते, पण खरा रिकामा कप्पा येईपर्यंत शोधून तोच क्रमांक पुढे नाही ना, याची खात्री केल्यावरच. पायथनच्या नेहमीच्या सीपायथन अंमलबजावणीत डिक्शनरीच्या सूचीत रिकाम्यासाठी -1 आणि पुसलेल्यासाठी -2 असतो, तो याचसाठी.

खुणा फुकट मात्र नसतात. दहांत दोन नोंदी आणि आठ खुणा असतील, तर मोजणी सांगते की टेबल जवळजवळ रिकामे आहे; पण नसलेला क्रमांक शोधताना थांबायला जागाच उरत नाही. फेऱ्यांवर मर्यादा नसेल तर शोध गोल गोल फिरत राहतो. म्हणून टेबल किती भरले हे ठरवताना खुणाही धराव्यात आणि त्या साचल्या की त्याच आकारात टेबल पुन्हा मांडावे. लिनिअर प्रोबिंगमध्ये पुढचा कप्पा आधीच रिकामा असेल तर खुणेची गरजच नाही; सरळ पुसावे, आणि लगतच्या मागच्या खुणाही त्याबरोबर पुसता येतात.