सदतीस सेकंद रास्त, आठ सेकंद चोरी

यूट्यूबवर बातम्यांचे विश्लेषण करणाऱ्या भारतातील काही निर्मात्यांनी मे 2025 मध्ये एका वृत्तसंस्थेविरुद्ध जाहीर तक्रार केली. तिच्या चित्रफितीतील काही सेकंद वापरल्याबद्दल आपल्या वाहिन्यांवर ‘कॉपीराइट स्ट्राइक’ लावण्यात आले आणि ते मागे घेण्यासाठी लाखो रुपयांचा परवाना घेण्यास सांगण्यात आले, असा त्यांचा आरोप होता. आपण आपला हक्क बजावत आहोत, असे वृत्तसंस्थेचे म्हणणे. या वादात एक समजूत वारंवार डोकावली, ती म्हणजे अमुक सेकंदांपर्यंतचा तुकडा वापरला तर कायदा आड येत नाही. ही समजूत ब्रिटनमधील आपल्या मंडळींतही आढळते. तिला ना भारतीय कायद्यात आधार आहे, ना ब्रिटिश कायद्यात.

दोन्ही देशांतील कायद्यांत ‘फेअर डीलिंग’, म्हणजे रास्त वापर, ही सवलत आहे. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्याची कलमे 29 व 30 आणि भारताच्या 1957 च्या कायद्याचे कलम 52 अभ्यास, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन या प्रयोजनांसाठी ती देतात. प्रयोजन या चौकटीत बसले तरी वापर रास्त होता का, हे न्यायालय वेगळे तपासते. ते कसे तपासले जाते, हे खेळाच्या दोन खटल्यांवरून चांगले उमगते.

1990 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण बीबीसी करीत होती. बीएसबी या प्रतिस्पर्धी उपग्रह कंपनीने तिच्या प्रक्षेपणातील 14 ते 37 सेकंदांचे तुकडे, बहुधा गोलांचे, आपल्या क्रीडावृत्तांत दाखवले, आणि तेही काही वेळा पुन्हापुन्हा. न्यायालयाने हा वापर रास्त ठरवला. सामन्याचा निकाल सांगणाऱ्या वृत्तासोबत तो गोल दिसत होता, आणि दृश्ये बीबीसीची असल्याचा उल्लेखही होता.

आता 2016 चा खटला पाहा. ‘फॅनॅटिक्स’ या ॲपवर क्रिकेटप्रेमी दूरचित्रवाणीवरील सामन्याचे आठ सेकंदांपर्यंतचे तुकडे टाकत. इंग्लंडचे क्रिकेट मंडळ आणि स्काय न्यायालयात गेले. दिवसभराच्या प्रक्षेपणापुढे आठ सेकंद म्हणजे किस पाडण्यासारखेच, असे कोणालाही वाटेल. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी मात्र त्या आठ सेकंदांत काय आहे ते पाहिले. प्रेक्षक ज्यासाठी सामना पाहतात आणि प्रक्षेपक ज्यासाठी पैसे मोजतो, तोच बळीचा किंवा चौकाराचा क्षण त्यांत होता. सामान्य नागरिकाने केलेले वार्तांकनही सवलतीस पात्र ठरू शकते, हे त्यांनी मान्य केले. परंतु येथे तुकडा बातमीला पुरावा म्हणून जोडलेला नव्हता. तो त्याच्या स्वतःच्या गोडीसाठी पाहिला जात होता, आणि त्यावरील एखादी ओळ केवळ निमित्तापुरती होती. शिवाय तशाच छोट्या तुकड्यांचे हक्क विकत घेणाऱ्यांच्या बाजारावर त्याचा थेट घाव पडत होता. ॲप हरले.

माझ्या मते नेमका प्रश्न हाच आहे: तुकडा काढून घेतला तर आपले लेखन किंवा कार्यक्रम उभा राहतो का, आणि तुकडा पाहून झाल्यावर मूळ कृतीकडे जाण्याची गरज उरते का? समीक्षेत तर लांबीचे भय आणखी कमी. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या चित्रपटाविषयी चॅनल फोरने केलेल्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात त्या चित्रपटाची साडेबारा मिनिटे होती. तो चित्रपट तेव्हा ब्रिटनमध्ये दाखवला जात नव्हता, यावरच कार्यक्रमाची टीका होती. प्रेक्षकाला दृश्ये दाखवल्याशिवाय ती करता आली नसती. तेथेही सवलत टिकली.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र ब्रिटिश कायदा अचानक कठोर होतो. वार्तांकनाच्या सवलतीतून कलम 30 ने छायाचित्रे वगळलीच आहेत. स्रोत नमूद करून, लहान आकारात, एकच छायाचित्र बातमीला जोडले, तरी त्या सवलतीचा आसरा मिळत नाही. छायाचित्रकाराची उपजीविकाच ताज्या घटनेच्या छबीवर असते, हे त्यामागचे कारण. त्या छायाचित्राचीच चिकित्सा लेखात असेल, तर समीक्षेचा मार्ग खुला राहतो. भारतीय कलमात छायाचित्रांना असा अपवाद नाही. म्हणून पुण्याहून आलेला मजकूर छायाचित्रासह लंडनच्या संकेतस्थळावर जसाच्या तसा लावताना संपादकाने दोनदा पाहिलेले बरे.

यूट्यूबच्या वादात आणखी एक पेच आहे. स्ट्राइक लावण्यापूर्वी न्यायालयाचा निवाडा झालेला नसतो, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर वाहिनी बंद होऊ शकते. म्हणजे रास्त वापराचा युक्तिवाद ऐकला जाण्याआधीच वाहिनी जाण्याची भीती उभी राहते, आणि त्या भीतीपोटी परवान्याचा सौदा केला जातो. निर्माता प्रतिदावा दाखल करू शकतो. त्यानंतर कामकाजाच्या दहा दिवसांत तक्रारदाराने खटला दाखल केल्याचे दाखवले नाही, तर चित्रफीत पुन्हा झळकते. दाखल केला, तर ते सेकंद कशासाठी वापरले, हे सांगण्याची पाळी निर्मात्यावर येते.