विश्लेषण : गणपतीची ऑर्डर नेमकी कुणामुळे आली? ‘जाहिरात दिसली’ म्हणून श्रेय घेणाऱ्या अहवालांचा हिशेब

पेण, हमरापूर, जोहे परिसरातील गणेशमूर्तींची विक्री आता कारखान्याच्या दारातून होते तशीच मोबाइलवरूनही होते. विक्रीच्या हंगामात फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगलवर जाहिराती दिल्या जातात. हंगाम संपला की जाहिरात सांभाळणाऱ्याकडून अहवाल येतो आणि त्यात बहुतेक ऑर्डरी जाहिरातीमुळे आल्याचे दिसते. या आकड्यांमागे ‘व्ह्यू-थ्रू’ श्रेयाची मुदत कशी काम करते आणि आकडा किती खरा हे कसे ओळखायचे, याचा हा आढावा.

रिटार्गेटिंग आणि व्ह्यू-थ्रू म्हणजे काय?

रोह्यातील एखाद्या कुटुंबाने मूर्तीच्या संकेतस्थळावर जाऊन दीड फुटी शाडूची मूर्ती पाहिली, पण नोंदणी केली नाही. संकेतस्थळावर बसवलेला ‘पिक्सेल’ नावाचा छोटा कोड ही भेट टिपतो. पुढचे काही दिवस त्याच मूर्तीची जाहिरात त्या मोबाइलवर दिसत राहते. आधी येऊन गेलेल्यांना पुन्हा गाठण्याच्या या पद्धतीला रिटार्गेटिंग म्हणतात.

आता दोन शक्यता उरतात. त्या व्यक्तीने जाहिरातीवर बोट ठेवले आणि पुढे मूर्ती नोंदवली, तर ती क्लिकमुळे झालेली विक्री धरली जाते. जाहिरात पडद्यावर आली, तिच्यावर क्लिक झाले नाही, पण ठरावीक दिवसांत त्याच व्यक्तीने दुसऱ्या वाटेने येऊन मूर्ती नोंदवली, तर ती ‘व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन’ ठरते. हे ठरावीक दिवस म्हणजे ‘विंडो’, म्हणजेच श्रेय देण्याची मुदत.

इथे ‘दिसली’ हा शब्द सैल आहे. जाहिरात उद्योगाच्या प्रचलित मानकानुसार चित्ररूप जाहिरातीचा अर्धा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असला की ती ‘पाहण्याजोगी’ धरली जाते. ती कुणी वाचली का, हे त्यातून कळत नाही.

मुदत किती असते?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाच्या जाहिरात व्यवस्थापकात बराच काळ मूळ सेटिंग `7-day click` आणि `1-day view` असे राहिले आहे. म्हणजे क्लिकनंतर सात दिवस आणि नुसती दिसल्यानंतर एक दिवस. २०२१ पूर्वी क्लिकची मुदत २८ दिवसांची होती. गुगल ॲड्समध्ये व्ह्यू-थ्रूची मूळ मुदत एक दिवसाची आहे, पण जाहिरातदाराला ती ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. गुगल हा आकडा `View-through conv.` या वेगळ्या रकान्यात दाखवते. अहवाल तयार करणाऱ्याने तो क्लिकच्या आकड्यात मिळवून एकच बेरीज दिली, तर वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

गणेशमूर्तींच्या धंद्यात मोठी मुदत अधिक फसवी का?

कारण इथे ग्राहकाचा निर्णय बराचसा आधीच झालेला असतो. अनेक घरी दरवर्षी त्याच कारखान्यातून, त्याच उंचीची मूर्ती आणण्याची पद्धत असते. शिवाय खरेदीला ठाम शेवटची तारीख आहे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. ३० दिवसांची मुदत धरली तर २८ जुलैला ओझरती दिसलेली जाहिरातही चतुर्थीच्या दिवशी घरी नेलेल्या मूर्तीचे श्रेय घेऊ शकते. म्हणजे घाऊक विक्री वगळता घरगुती नोंदणीचा ऐन हंगाम जवळजवळ पूर्णच त्या मुदतीत बसतो.

रिटार्गेटिंगच्या यादीत मुळात असतात ते मूर्ती पाहून गेलेले लोक. विकत घेण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेल्यांनाच जाहिरात दाखवायची आणि त्यांनी घेतल्यावर ती जाहिरातीमुळे घेतली म्हणायचे, असा हा प्रकार होतो. पेण स्थानकावर दिवा-रोहा गाडीच्या डब्यात शिरून ‘रोह्याला चला’ अशी पत्रके वाटावीत आणि रोह्याला उतरलेले सगळे प्रवासी आपल्या पत्रकामुळे आले असे सांगावे, तसेच हे आहे. तिकीट त्यांनी आधीच काढलेले होते.

हिशेबात फरक किती पडतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. हमरापूरच्या एका कारखान्याच्या संकेतस्थळाला हंगामात १० हजार जणांनी भेट दिली. त्यांतील ८ हजार जणांना रिटार्गेटिंगची जाहिरात दाखवली. उरलेले २ हजार जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून बाजूला ठेवले आणि त्यांना जाहिरात दाखवलीच नाही. खर्च आला २४ हजार रुपये. जाहिरात पाहिलेल्या ८ हजारांतून ३४४ ऑर्डरी आल्या.

अहवाल काय म्हणेल, हे मुदतीवर ठरते. जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत आलेल्या ऑर्डरी ४० आहेत, म्हणजे एका ऑर्डरमागे ६०० रुपये खर्च. त्यात ‘दिसल्यानंतर एक दिवस’ ही मुदत मिळवली की ऑर्डरी १३० होतात आणि खर्च सुमारे १८५ रुपयांवर येतो. एका दिवसाऐवजी ३० दिवस केले की ३४० ऑर्डरी जाहिरातीच्या नावे लागतात आणि खर्च जेमतेम ७० रुपये दिसतो. जाहिरात तीच, पैसे तेवढेच, मूर्तीही तेवढ्याच गेल्या. बदलले ते फक्त एक सेटिंग.

आता बाजूला ठेवलेल्या २ हजार जणांकडे पाहू. जाहिरात न दाखवताही त्यांच्यातून ८० ऑर्डरी आल्या, म्हणजे शंभरातून चार. याच दराने ८ हजारांतून जाहिरातीविना ३२० ऑर्डरी आल्याच असत्या. प्रत्यक्षात ३४४ आल्या. जाहिरातीने वाढवलेल्या ऑर्डरी २४, आणि एका वाढीव ऑर्डरमागे खर्च एक हजार रुपये. एका मूर्तीमागे पाचशे रुपये सुटत असतील, तर ७० रुपयांचा अहवाल पाहून कारखानदार पुढच्या वर्षी खर्च दुप्पट करील आणि तोटाही दुप्पट करून घेईल.

क्लिकचा आकडाही पूर्ण निर्दोष नाही, हे यात दिसते. क्लिक करणाऱ्या ४० जणांतले काही जण जाहिरात नसती तरी संकेतस्थळावर परतले असते. मात्र फुगवटा सर्वाधिक होतो तो ‘दिसली’च्या मोठ्या मुदतीत.

मग रिटार्गेटिंग निरुपयोगी आहे का?

तसे म्हणता येत नाही. गॅरेट जॉन्सन, रँडल लुईस आणि एल्मार नुबेमेयर यांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी उपयोगी आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याच्या रिटार्गेटिंग जाहिराती काही जणांना दाखवल्या गेल्या, तर ज्यांना त्या दाखवल्या गेल्या असत्या अशा काही जणांपासून त्या मुद्दाम रोखल्या गेल्या. जाहिरात दिसलेल्यांच्या संकेतस्थळाच्या भेटी १७.२ टक्के आणि खरेदी १०.५ टक्के अधिक निघाली.

परिणाम खरा होता. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा, की जाहिरात पाहून झालेल्या प्रत्येक ११० खरेदींमागे सुमारे १०० खरेदी जाहिरातीविनाही झाल्या असत्या. मोठ्या मुदतीचा अहवाल सगळ्या ११० चे श्रेय घेऊ शकतो.

लहान व्यावसायिकाने ओळखायचे कसे?

पहिली खूण ऑर्डरींच्या वहीत सापडते. मेटाचा अहवाल आणि गुगलचा अहवाल यांतील ऑर्डरींची बेरीज वहीतील एकूण ऑर्डरींपेक्षा जास्त भरत असेल, तर एकाच ग्राहकाचे श्रेय दोघांनीही घेतले आहे. त्यानंतर अहवाल देणाऱ्याकडून क्लिक आणि व्ह्यू-थ्रू असे दोन वेगळे आकडे मागावेत. मेटाच्या व्यवस्थापकात `Compare attribution settings` वापरून ही फोड करता येते. व्ह्यू-थ्रू बाजूला काढताच ऑर्डरी निम्म्याहून कमी उरत असतील, तर पुढची पायरी चाचणीची.

चाचणी सोपी आहे. गेल्या काही वर्षांच्या ग्राहकांचे मोबाइल क्रमांक शेवटच्या अंकानुसार सम आणि विषम असे वेगळे करायचे. विषम क्रमांकांच्या यादीला जाहिरात दाखवायची आणि सम क्रमांकांची यादी सर्व जाहिरातींतून वगळायची. हंगामानंतर ऑर्डरींतील क्रमांक जुळवून दोन्ही गटांतून किती जणांनी मूर्ती घेतली ते मोजायचे. अर्थात, ग्राहकांनी क्रमांक अशा वापराला संमती देऊन दिलेले असावेत.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे गावांची तुलना. रोह्यात जाहिरात सुरू आणि पेणमध्ये बंद ठेवून निष्कर्ष काढता येत नाही, कारण पेणचा ग्राहक थेट कारखान्यात जाऊन मूर्ती निवडतो, तर रोह्याच्या ग्राहकाला तेवढी सोय नाही. दुसरी चूक म्हणजे आधी आणि नंतरची तुलना. जाहिरात सुरू केल्यावर ऑर्डरी वाढल्या असे दिसते, पण चतुर्थी जवळ आल्यावर त्या तशाही वाढतातच.

चाचणीच्या मर्यादा कोणत्या?

लहान संख्येत योगायोगाचा वाटा मोठा असतो. वरच्या उदाहरणात बाजूला ठेवलेल्या गटातून ८० ऐवजी ६५ किंवा ९५ ऑर्डरीही सहज येऊ शकल्या असत्या. त्यामुळे वाढीव ऑर्डरी नेमक्या २४ च, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. ती संख्या शून्य असू शकते किंवा शंभराच्या आसपासही असू शकते. शिवाय यादीतील प्रत्येक क्रमांकाचे खाते मेटाला सापडत नाही. त्यामुळे विषम गटातील काहींना जाहिरात दिसतच नाही आणि दोन गटांतला फरक असतो त्याहून कमी दिसतो.

तरीही अहवालाचा दावा तपासायला एवढी चाचणी पुरते. ३४० ऑर्डरी खरोखर जाहिरातीमुळे आल्या असतील, तर जाहिरातीविना ८ हजारांतून फक्त चार ऑर्डरी यायला हव्या होत्या. त्या प्रमाणात २ हजारांच्या गटातून एक ऑर्डर यायची. तिथून ८० आल्या. एक आणि ऐंशी यांतला फरक योगायोगाने पडत नाही. खरा आकडा नेमका किती हे चाचणीनंतरही धूसर राहील, पण तो ३४० नाही एवढे निश्चित कळते आणि पुढच्या हंगामातील २४ हजार रुपयांचे काय करायचे हे ठरवायला तेवढे पुरेसे असते.