सर, तयारी कशी करू?

"सर, बारा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात घेतोय. दिवसभर नोकरी असते. इग्नूतून एमए अर्थशास्त्र करतोय, डिसेंबरमध्ये पाच पेपर आहेत. तयारी कशी करू?" जुलैच्या मध्याला नागपुरातल्या एका प्राध्यापकांना हा ईमेल आला. लिहिणाऱ्याचं नाव झाकून त्यांनी तो आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "याला एका ओळीत काय सांगू?"

आपण रेग्युलरवाले असं विचारत नाही, कारण आपल्याला टाइमटेबल मिळतं, वर्ग असतो आणि शेजारच्या बाकावर नोट्स असतात. मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्याकडे पुस्तकांचा गठ्ठा असतो आणि अभ्यास केंद्रावरचे मोजके वर्ग. बाकी सगळं त्यानं एकट्यानं ठरवायचं असतं. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं, आणि त्याची सुरुवात पुस्तकापासून नाही, वेळेच्या हिशेबापासून व्हायला हवी.

इग्नूत एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे 30 तास. सहा क्रेडिटचा पेपर असेल तर 180 तास. नोकरी करणाऱ्याला सोमवार ते शनिवार रोज एक तास आणि रविवारी तीन तास मिळतात असं धरू. आठवड्याचे नऊ तास झाले. म्हणजे एका पेपरला 20 आठवडे, आणि जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत जवळपास तेवढेच आठवडे उरतात. पाच पेपरांना 900 तास लागतील, हाताशी आहेत 180. 180 तास हे काही शिक्का मारलेलं माप नाही. ज्याचा विषय आधीपासून पक्का आहे त्याचं अर्ध्या वेळात भागेल. पण पाचपट फरक जिद्दीनं भरून निघत नाही.

म्हणून पहिलं उत्तर हे की पाच पेपर टाकू नका. इग्नूत परीक्षा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, आणि फॉर्ममध्ये कोणते पेपर द्यायचे ते आपण निवडतो. एमए कमीत कमी दोन वर्षांचं असलं तरी ते पूर्ण करायला चार वर्षं मिळतात. डिसेंबरला दोन पेपर घेतले तर तेही नऊ तासांत कसेबसेच बसतील, पण बसतील. नोकरदार विद्यार्थी इथेच फसतो. कॉलेजच्या सवयीनं तो सगळे पेपर एकदम टाकतो, प्रत्येकाचं थोडं थोडं वाचतो आणि एकही निघत नाही.

दुसरी गोष्ट असाइनमेंटची. इग्नूच्या निकालात असाइनमेंटला 30 टक्के वजन असतं आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के. शिवाय एमएला दोन्हीकडे वेगवेगळे 40 टक्के लागतात. आता बाजारात सोडवलेल्या असाइनमेंट तयार मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. समजा, कुणी तशी उतरवून काढली आणि 80 गुण मिळवले. परीक्षेत मात्र 35 आले. वजनानं हिशेब केला तर 24 अधिक 24.5, म्हणजे 48.5 टक्के. आकडा पास झाल्यासारखा दिसतो, पण परीक्षेत 40 नाहीत म्हणून पेपर राहिला. खरं नुकसान मात्र गुणांपेक्षा मोठं आहे. या विद्यार्थ्याचं लिखाण कुणी जाणकार माणूस तपासून परत देईल अशी वर्षातली ही एकमेव जागा होती. नोकरीत बारा वर्षं माणूस ईमेल टाइप करतो, सलग तीन तास पेननं लिहीत नाही. तो सराव त्यानं पैसे देऊन घालवला.

तिसरी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची. अर्थशास्त्र वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. आकृती पुस्तकात काढलेली असते, बाण दाखवलेले असतात, आपण मान डोलावतो. पुस्तक मिटून तीच आकृती काढायला घेतली की कळतं, कोणत्या अक्षावर काय येतं हेही ठाम आठवत नाही.

मागणीची लवचिकता घ्या. समजा, संत्र्यांचा भाव किलोला 40 रुपयांवरून 50 झाला आणि मागणी 100 किलोंवरून 80 किलोंवर आली. बहुतेक जण लगेच मांडतात: मागणी 20 टक्के घटली, भाव 25 टक्के वाढला, लवचिकता 0.8. आता हाच प्रवास उलटा करा. भाव 50 वरून 40 म्हणजे 20 टक्के घट, मागणी 80 वरून 100 म्हणजे 25 टक्के वाढ, लवचिकता 1.25. तीच दोन टोकं, पण उत्तरं दोन! कारण टक्केवारीचा पाया बदलला. म्हणून दोन टोकांची सरासरी पाया धरतात: मागणीतला बदल 20 भागिले 90, भावातला बदल 10 भागिले 45. दोन्ही 22.2 टक्के येतात आणि लवचिकता 1 निघते. ताळा हवा असेल तर विक्रेत्याची रक्कम पाहा. 40 गुणिले 100 म्हणजे 4000, 50 गुणिले 80 म्हणजेही 4000. भाव बदलूनही रक्कम तीच राहिली, म्हणजे लवचिकता 1 हे बरोबर.

हे वाचायला दोन मिनिटं लागली. पण परीक्षेत व्याख्या, भाव उभ्या अक्षावर घेतलेली आकृती, सूत्र, उदाहरण आणि पाया बदलण्याची अडचण हे सगळं कागदावर उतरवायचं असतं, तेही घड्याळ लावून. तीन तासांचा 100 गुणांचा पेपर धरला आणि प्रश्न वाचायला 15 मिनिटं सोडली, तर 12 गुणांच्या उत्तराला 20 मिनिटं मिळतात. म्हणून इग्नूच्या वेबसाइटवरचे जुने पेपर काढा आणि रविवारच्या तीन तासांतला एक तास पुस्तक मिटून तीन उत्तरं लिहिण्यात घाला. 20 मिनिटांत उत्तर पुरं झालं नाही किंवा आकृतीला अक्षांची नावं द्यायची राहिली, तर तो भाग अजून झालेला नाही, कितीही वेळा वाचला असला तरी.

आता त्या ईमेलबद्दल. 'तयारी कशी करू' याला कोणताही प्राध्यापक 'नियमित वाचा' यापलीकडे फारसं सांगू शकत नाही. तोच ईमेल असा असता तर? "सर, डिसेंबरला दोन पेपर देतोय. आठवड्याला नऊ तास मिळतात. लवचिकतेवरचं 12 गुणांचं एक उत्तर 20 मिनिटांत लिहून फोटो जोडलाय. कुठे गुण जातील?" याला दहा मिनिटांत उत्तर देता येतं, आणि ते खरंच उपयोगी पडतं.

पण सगळं ओझं विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. केंद्रांवरच्या मोजक्या वर्गांतही अनेकदा धडाच वाचून दाखवला जातो. तो तर त्याच्याकडे छापील आहेच. त्या वेळात त्यानं लिहिलेली उत्तरं तपासली गेली, तर ज्या एका गोष्टीसाठी त्याला खरोखर दुसरं माणूस लागतं ती त्याला मिळेल. आणि आपल्यापैकी कुणाच्या घरी असा काका, ताई किंवा वहिनी अभ्यासाला बसली असेल, तर त्यांना आपल्या नोट्स देण्याआधी एक उत्तर लिहायला सांगा आणि घड्याळ आपण धरा.