पाच युनिटची भीती

मुंबईत बसून गावची शेती चालवणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. गिरगावच्या चाळीत ऐका, लालबागला ऐका नाहीतर दादरच्या ब्लॉकमध्ये ऐका, शब्दसुद्धा बदलत नाहीत. "ते झटका मशीन चोवीस तास चालतं म्हणे, बिल कोण भरणार?"

हे वाक्य शुद्ध अडाणीपणाचं आहे आणि त्यापायी माणसं मरतात, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. कारण मुंबईहून 'मशीन नको' असा फोन गेला म्हणून गावात रानडुकरं यायची थांबत नाहीत. मग वाडी सांभाळणारा गडी किंवा शेजारचा भाऊबंद त्याला सुचतो तो उपाय करतो. साधी तार बांधतो आणि मीटरमधून किंवा सरळ खांबावर आकडा टाकून त्या तारेत २३० व्होल्ट सोडतो. तुमचं बिल वाचतं. असं तुम्हाला वाटतं.

आता थोडा हिशोब करू. आपण इंजिनियर लोक, निदान डिग्री तरी तशी आहे :)

झटका मशीनच्या पोटात मुख्य वस्तू एकच, कपॅसिटर. लॅमिंग्टन रोडवर फिरलेल्यांना नव्याने सांगायला नको. मशीन तो कपॅसिटर हळूहळू भरतं आणि साधारण दीड सेकंदाने एकदम रिकामा करतं. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून जाते, तिचं व्होल्टेज काही हजारांवर चढतं आणि तारेत एक ठोका जातो. टक्. मग पुन्हा दीड सेकंद शांतता. एका ठोक्याची ऊर्जा बारावीच्या सूत्राने निघते. बऱ्यापैकी दणकट मशीन घेऊ, ३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६०० व्होल्टपर्यंत भरणारं:

```
E = 0.5 * C * V^2
  = 0.5 * 30e-6 * 600 * 600
  = 5.4 J
```

दर दीड सेकंदाला ५.४ ज्यूल, म्हणजे सरासरी ३.६ वॅट. कपॅसिटर भरताना थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून कार्यक्षमता ६० टक्केच धरा. झाले ६ वॅट. आतल्या सर्किटला आणखी एक वॅट द्या. एकूण ७ वॅट. महिन्याचे ७२० तास गुणिले ७ वॅट म्हणजे ५ युनिट आणि वर किरकोळ.

पाच युनिट! परळच्या तुमच्या खोलीतला ७५ वॅटचा पंखा एवढी वीज तीन दिवसांच्या आत खातो. चोवीस तास पेटता ठेवलेला ९ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा महिन्याला साडेसहा युनिट घेतो. आणि हे मशीन तुमच्या गरजेपेक्षा मोठं आहे. दोन एकरांच्या चौकोनी वाडीचा घेर सुमारे ३६० मीटर, दोन पदरी तार म्हणजे ७२० मीटर. तण काढलेलं असेल तर एक-दोन ज्यूलचं मशीन पुरतं. एक ज्यूलवाल्याचा याच रीतीने हिशोब केला तर महिन्याला दीड युनिट येतं.

"पण तार गवताला लागली की वीज गळणार, बिल वाढणार" हा पुढचा मुद्दा. नाही वाढणार. साध्या मशीनचा कपॅसिटर प्रत्येक ठोक्याला तेवढाच भरतो. तारेला डुक्कर चिकटो, गवत चिकटो की कोणीच न चिकटो, मीटरला फारसा फरक पडत नाही. (लोड वाढला की आपणहून जोर वाढवणारी महागडी मशीनं वेगळी.) गळती होते तेव्हा कुंपण कमजोर होतं. म्हणून बिलावरून कुंपणाची तब्येत कळत नाही. ती कुंपणाच्या टेस्टरने लांबच्या टोकाला मोजायची. तिथे तीन-चार हजार व्होल्टच्या खाली गेलं तर गवत कापा, अर्थिंग बघा. कोकणातला जांभा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो, तिथे एक सळई ठोकून भागत नाही. निदान तीन ठोका, अंतर ठेवून, आणि घराच्या अर्थिंगपासून लांब. हे मोजायला घरचा मल्टिमीटर लावू नका, तो कायमचा जाईल.

आता ती 'फुकटची' तार बघू. ओल्या बांधावर तिच्यातून अर्धा अँपिअर जरी गळला तरी ११५ वॅट झाले. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला साडेचौतीस युनिट. म्हणजे मीटर असेल तर झटका मशीनच्या जवळजवळ सातपट. आणि मीटरच्या आधी आकडा टाकला असेल तर ती विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली सरळ चोरी.

पण युनिट हा मुद्दा सोडाच. आठ हजार व्होल्टच्या झटक्याने माणूस सहसा वाचतो आणि २३० व्होल्टने मरतो, हे जाहिरातीतले व्होल्ट वाचून कळत नाही. झटक्याचा ठोका सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात संपतो, नंतर हात सोडवायला सेकंदभर मिळतो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-७६ नुसार ५०० ओहमच्या लोडवर एका ठोक्यात ५ ज्यूलपेक्षा जास्त जाता कामा नये आणि ठोके सेकंदाला एकाहून जास्त नकोत. आपल्या ५.४ ज्यूलपैकी तारेपर्यंत पोचतात त्याहून बरेच कमी. उलट २३० व्होल्टच्या तारेला ओल्या अंगाने हात लावला, शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर वाहतात. सलग. दर सेकंदाला ५३ ज्यूल. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, हृदयाची लय बिघडते. एवढ्या करंटने एमसीबी पडत नाही, आणि आकड्यावर तर तोही नसतो.

२०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ 'श्रीनिवास' वाघ अशाच जिवंत तारेला लागून मेला. वाघ होता म्हणून त्याचं नाव पेपरात आलं. पहाटे पाणी सोडायला गेलेल्या शेतकऱ्याची आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते.

झटका मशीन म्हणजे खेळणं नव्हे, हेही सांगतो. तारेत अडकलेल्याला ठोके बसतच राहतात, डोक्याला किंवा मानेला लागलेला झटका वाईट, पेसमेकरवाल्याने लांब राहावं, आणि पाटी लावलीच पाहिजे. एका तारेला दोन मशीनं कधीच जोडू नयेत, मधली सेकंदाची फट जाते. बाजारात स्वस्तातली बनावट मशीनंही आहेत. घड्याळ लावून टक् टक् मोजा. मिनिटाला साठाच्या वर गेली तर ते मशीन दुकानदाराला परत. आणि माकडांचा बंदोबस्त यातून होईल अशी आशा नको, ती झाडावरून येतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गावाहून कुंपणाबद्दल फोन आला तर बिलाचं विचारू नका. 'तारेत काय सोडलंय?' एवढंच विचारा. उत्तर 'लाईन' असं आलं तर ती आजच्या आज काढायला लावा. पाच युनिट वाचवायला तुमच्याच बांधावर तुमचाच माणूस पडला, तर तो अपघात होता असं म्हणायची सोय तुम्हाला नाही.